ड्रॉइंग नसलेली वस्तू

आईने चप्पल काढायच्या आधीच फोन माझ्या हातात दिला. "शेठचा निरोप आहे, तुझ्यासाठी."

निरोप म्हणजे व्हॉइस मेसेज होता. मागे प्रेस मशीनचा धप्प धप्प आवाज आणि त्यावरून शेठ ओरडून बोलत होते : "ताई, तुमच्या मुलीला सांगा, प्रॉडक्ट डिस्क्रिप्शन लिहून पाठव म्हणावं. ऑनलाइन टाकायचंय. इंग्लिशमध्ये. जरा भारी लिही. अर्जंट आहे." एवढंच. मी पुन्हा ऐकला, माझ्याकडून काही सुटलं असेल म्हणून. काही सुटलं नव्हतं.

"आई, कशाचं लिहायचं?"

"प्रॉडक्टचं."

"ते कळलं. कोणतं प्रॉडक्ट?"

"नवीन काढलंय शेठनं. पत्र्याचं आहे. वाकवलेलं." तिने हाताने हवेत काहीतरी वाकवून दाखवलं. ते हुक असेल, कडी असेल किंवा घोड्याचा नालही असेल.

"पण ते वापरतात कशाला?"

"कशाला का वापरंनात! तू लिही की माय. कॉलेजात जातीस ना?"

कॉलेजात जाते म्हणजे सगळं येतं, असं आमच्या घरात धरलेलं होतं. घरात माझ्याआधी कॉलेजला कुणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे कॉलेजात नक्की काय येतं आणि काय येत नाही हे तपासणारंही कुणी नव्हतं. मी बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मला बरंच काही येत नव्हतं, पण ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आई ज्या शेडमध्ये कामाला होती, ती कुरुळीच्या पुढे, चाकणच्या अलीकडे. शेठची ती छोटीशी प्रेस शॉप. मोठ्या कंपनीकडून जॉबवर्क यायचं. पुरुष प्रेसवर पत्रा कापायचे, वाकवायचे, आणि आई धरून चार बायका एका लांब टेबलाशी स्टुलावर बसून त्या तुकड्यांच्या कडेची धार कानशीने घासून काढायच्या, मग प्रत्येक तुकडा गेजला, म्हणजे मापाच्या साच्याला, लावून बघायच्या. बसला तर हिरव्या बिनमध्ये, नाही बसला तर लाल. मराठवाड्यातून इकडे आल्यावर आईने आधी बरीच वर्षं लोकांकडे धुणीभांडी केली होती. टेबल ही तिची पहिली बसून करायची नोकरी. त्या टेबलाबद्दल ती अशी बोलायची, जसं दुसऱ्या बायका माहेराबद्दल बोलतात.

तो तुकडा ज्या दुचाकीत बसायचा, तिचं ते मॉडेल कंपनी बंद करत होती. हातातलं शेड्यूल, म्हणजे कंपनीची ऑर्डर, संपलं की पुढचं नव्हतं. शेठ माणूस सरळ. त्यांनी चौघींना समोर बसवून सांगितलं होतं, "मी आपली स्वतःची एक वस्तू काढतोय. ती चालली तर टेबल राहील. नाही चालली तर मला टेबल बंद करावं लागेल, ताई. मशीनवरची माणसं तेवढी ठेवता येतील."

म्हणजे मला ज्याचं वर्णन लिहायचं होतं, त्यावर आईचं स्टूल टिकून होतं. आणि ती वस्तू काय हेच मला माहीत नव्हतं.

तरी मी लिहायला बसले. मैत्रीण म्हणाली, फोनवरच्या एआयला सांग, तो देतो. मी शेठचंच वाक्य त्याला घातलं. त्याने एका क्षणात पानभर लिहून दिलं. उत्कृष्ट दर्जाचं स्टेनलेस स्टील, कधीही न गंजणारं, आधुनिक घराची शोभा वाढवणारं, प्रियजनांना भेट द्यायला योग्य. इंग्रजी माझ्यापेक्षा शंभर पटींनी चांगलं. वस्तू काय हे त्यालाही माहीत नव्हतं, फक्त तो त्यामुळे घाबरत नव्हता, एवढाच आमच्यात फरक.

मी ते आईला मराठीत सांगितलं. ती भाकरी थापत होती. शेवटपर्यंत ऐकलं आणि हसायलाच लागली.

"काय झालं?"

"अगं, हे तर या तव्यालाबी लागू होतंय. त्या पायपुसण्यालाबी होईल. एक तेवढं स्टीलचं सोडलं तर." मग तिने भाकरी तव्यावर टाकली. "आणि स्टील नाही ते. साधा पत्रा आहे. एवढं मला माहीत आहे."

मी ते पान पुसून टाकलं.

मग उरलं विचारणं. ते मला सगळ्यात जड. वर्गात मी कधी हात वर केला नव्हता. प्रश्न विचारला की आपल्याला येत नाही हे उघडं पडतं, आणि एकदा उघडं पडलं की लोक म्हणतात, हिला कशाला बसवलं इथे. असं मला कुणी म्हटलं नव्हतं, पण मी स्वतःलाच म्हणायचे. शेठना मेसेज लिहिला : काका, वस्तू कोणती, माप काय, कोण घेणार, कोणत्या साइटवर टाकणार? खोडला. पुन्हा लिहिला, पुन्हा खोडला. शेवटी आईने माझ्याकडे बघून विचारलं, "काय करतीस? लाल बिनमध्ये टाकायलीस व्हय सगळं?"

"मी शनिवारी तुझ्याबरोबर शेडवर येते," मी म्हणाले.

शनिवारी मला कॉलेज नव्हतं आणि शेड चालू होती. आम्ही राहायचो त्या चऱ्होलीतून आधी आळंदी फाट्याकडे, मग तिथून पुढे सहा आसनी रिक्षा धरून गेलो. रस्त्यात मी मनात प्रश्न घोकत होते, तोंडी परीक्षेला जावं तशी.

शेठ काचेच्या केबिनमध्ये होते. केबिन म्हणजे ॲल्युमिनियमचं पार्टिशन, आत एक टेबल, त्यावर तेलाचे डाग पडलेल्या ड्रॉइंगच्या गुंडाळ्या. मला बघून त्यांना आनंद झाला. "आणलंस का बेटा लिहून?"

"काका, मला आधी डिटेल्स पाहिजेत."

"कसले डिटेल्स?"

"वस्तूचे. कोणाला विकायची, कोणत्या साइटवर, किती शब्दांत…"

शेठ खरोखर गोंधळून म्हणाले, "पण डिटेल्स तर तिकडून यायला पाहिजेत ना?"

"तिकडून म्हणजे?"

"घेणाऱ्याकडून." आणि त्यांनी टेबलावरची एक गुंडाळी उलगडून माझ्यासमोर पसरली. "हे बघ. कंपनी ड्रॉइंग पाठवते. त्यात सगळं असतं. लांबी, रुंदी, पत्रा कितीचा, भोक कुठे, कोटिंग कोणतं, किती कमी-जास्त चालेल. आपण फक्त बनवायचं. इतकी वर्षं मी हेच करतोय. हा तुकडा गाडीत नक्की कुठे बसतो, ते मी अजून बघितलेलं नाही."

मग ते जरा लाजले आणि म्हणाले, "मी त्या साइटच्या हेल्पलाइनलासुद्धा फोन केला होता. विचारलं, मॅडम, आपको कौनसा साइज चाहिए? ती म्हणाली, सर, प्रॉडक्ट तो आपका है. मी म्हणालो, हां, लेकिन ड्रॉइंग तो आप भेजोगे ना? तिने फोनच ठेवला."

मला हसू आलं नाही. मला एकदम बरं वाटलं. न विचारणारी मी एकटीच नव्हते. शेठनी आख्खं आयुष्य दुसऱ्याने ठरवलेल्या मापाने अचूक काम केलं होतं, आणि आता पहिल्यांदा माप ठरवणारं कुणी नव्हतं, तर ते हात जोडून ड्रॉइंगची वाट बघत बसले होते. मी पण तेच करत होते, फक्त माझ्या टेबलावर तेल सांडलेलं नव्हतं.

"ती वस्तू तरी दाखवा," मी म्हणाले.

त्यांनी खणातून काढली. काळ्या रंगाची, पत्र्याची, तळहाताएवढी. एका बाजूला खिडकीच्या गजावर बसेल असा खाचा आणि तो आवळायला हाताने फिरवायचा स्क्रू. दुसऱ्या बाजूला बाहेर आलेला हात, त्याच्या टोकाला अर्धगोल. अशा दोन घ्यायच्या, गजांना आवळायच्या, दोन्हींच्या अर्धगोलात काठी ठेवायची, काठीवर कपडे वाळत घालायचे. समजायला अर्धं मिनिट लागलं. एवढ्यासाठी मी तीन दिवस झोपले नव्हते.

"कोणासाठी केलीत?"

"आमच्या सूनबाईसाठी. ती राहते वाकडला, टॉवरमध्ये. तक्रार करत होती, कपडे वाळत घालायला जागा नाही म्हणून. म्हटलं, तिथे एवढे टॉवर, प्रत्येकाला लागणार."

"त्यांनी लावून बघितली का?"

शेठनी फोन स्पीकरवर टाकून सुनेला लावला. विकायचं खातं तिनेच उघडून दिलं होतं. तिकडून भराभर आवाज आला, "पप्पा, मी तुम्हाला दिवाळीतच सांगितलं होतं. आमच्या सोसायटीत बाहेर दिसतील असे कपडे वाळत घालू देत नाहीत. आणि आमच्या खिडक्या सरकत्या आहेत. गज कुठेत लावायला?"

"मग माप कशाचं घेतलंत, काका?" मी हळूच विचारलं.

त्यांनी मानेनेच दाखवलं. शेडच्या खिडकीकडे.

मी फोनकडे वाकून सुनेला विचारलं की लिहायला जागा किती आहे. ती म्हणाली, "तेच तर मी पप्पांना विचारतेय. दोन साइटवर खातं आहे, दोन्हींचे नियम वेगळे. शीर्षकाला वेगळी मर्यादा, मुद्द्यांना वेगळी, वर्णनाला वेगळी. आणि वस्तू कोणत्या प्रकारात टाकायची ते निवडल्याशिवाय मर्यादा कळतच नाही. तू आधी मला सांग, ही वस्तू आहे काय आणि कोणासाठी. मग मी तुला फॉर्मचे स्क्रीनशॉट पाठवते. आणि हो, मोबाईलवर शीर्षकाचा पुढचा भागच दिसतो, बाकीचं तुटतं. मोकळी जागासुद्धा अक्षर म्हणून मोजतात."

फोन ठेवल्यावर शेठ त्या काळ्या तुकड्याकडे असे बघत होते, जणू तो कंपनीतून रिजेक्ट होऊन परत आलाय. "म्हणजे घेणारच नाही कुणी," ते म्हणाले.

काचेपलीकडे आई दिसत होती. तिचा हात कानशीवर चालू होता, पण लक्ष आमच्याकडे.

आमच्या खोलीत कपडे वाळत घालायला जागा नाही. आम्ही पलंगाच्या कडेला, दाराच्या कडीला, गॅसच्या वर, कुठेही घालतो. पावसाळ्यात माझे कॉलेजचे कपडे फोडणीचा वास घेऊन वर्गात येतात. दोरी बांधायला भिंतीला खिळा पाहिजे, आणि खिळा मारायची आम्हाला परवानगी नाही. पहिल्या दिवशी किल्ली देताना घरमालकीणबाईंनी दोनच गोष्टी सांगितल्या होत्या : भाडं येळेवर, आणि भिताडाला खिळा न्हाई.

आणि आमच्या खिडकीला गज आहे.

"काका," मी म्हणाले, "वाकड सोडा. भाड्याने राहणारे."

"भाडेकरू ऑनलाइन घेतात का बेटा?"

"आमच्या चाळीत सगळ्यांकडे मोबाईल आहे. चप्पल, चार्जर, साडी, सगळं येतं. तो पार्सलवाला आम्हाला नावानिशी ओळखतो."

"पण प्रत्येकाच्या खिडकीचा गज वेगळा असणार. आपलं माप एकच."

"मग बघून येते. मला दोन तुकडे द्या. आणि माप घ्यायला वर्नियर."

"वर्नियर शेडबाहेर जात नाही," शेठ लगेच म्हणाले. सवयच होती ती.

दारात आई उभी होती. केव्हा आली कळलं नाही. "वर्नियर कशाला लागतंय?" ती म्हणाली. "तुकडाच लावून बघायचा. बसला तर हिरवा. नाही बसला तर तुझी शाळेतली पट्टी लावून माप घे, कितीनं नाही बसला ते."

रविवारी सकाळी मी आमच्या आळीत निघाले. हातात दोन काळे तुकडे आणि कंपासपेटीतली पट्टी. पहिल्या घराची कडी वाजवताना वाटलं होतं परत फिरावं. दार उघडलेल्या बाईने विचारलं, "काय पाहिजे?" मी म्हणाले, "तुमचा गज बघायचाय." ती इतकी हसली की तिने मला आत घेतलं आणि चहा टाकला.

नंतर सोपं गेलं असं नाही, पण पाय थांबले नाहीत. चौकोनी गज असेल तिथे तुकडा बसत होता. जाड पाइपची खिडकी असेल तिथे खाचा लहान पडत होता. काही जुन्या घरांना आडव्या रुंद पट्ट्यांची जाळी होती, तिथे काही उपयोग नव्हता. मी प्रत्येक खिडकीचं माप घेत होते, आणि थोड्याच वेळात आळीत कुजबुज सुरू झाली. मला कारण कळलं नाही, ते मालकीणबाईंनी कळवलं. त्या लुगड्याचा पदर खोचून थेट माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"काय गं पोरी? कुणी पाठीवलं तुला? पालिकेनं का?"

"नाही मावशी, मी…"

"मग मोजती कशापायी? रस्ता रुंद करायचाय का? आमी जागा देणार न्हाई, सांगून ठेवते. त्या येळेला बी असाच एक पट्टी घेऊन आला व्हता, गोड बोलला, चहा प्याला, आन् पुढल्या म्हैन्यात लाल फुल्या मारून गेला भिताडावर."

चऱ्होलीत पट्टी हातात घेतलेल्या माणसाचा असा अर्थ होतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी माझी सहा इंची प्लास्टिकची पट्टी त्यांना दाखवली. तिच्यावर कार्टूनचा ससा होता. त्यांनी ससा बघितला, मला बघितलं.

"ह्यानं रस्ता मोजत्यात व्हय?"

मग मी सगळं सांगितलं. आईचं टेबल, शेठ, तुकडा. त्यांच्याच ओट्यावरच्या खिडकीला दोन तुकडे आवळून दाखवले, त्यांचीच काठी मागून घेऊन अर्धगोलात ठेवली, त्यांचंच ओलं लुगडं त्यावर घातलं. त्या खाली वाकून, वर बघून, सगळीकडून तपासत होत्या.

"भिताडाला भोक न्हाई पडत?"

"नाही."

"खिळा न्हाई?"

"नाही मावशी."

"मंग लाव की तुमच्या खोलीला. मला इचारायची गरज न्हाई." मग त्यांनी तुकडा थोडा सरकवून पाहिला आणि आवाज चढला. "ह्ये काय? गजाचा रंग खरवडला!"

खरंच. स्क्रूच्या टोकाने पांढऱ्या रंगावर चंद्रकोरीसारखी खूण उठली होती. मी माफी मागितली. पण घरी जाताना मला कळत होतं की माझ्या वर्णनाची पहिली ओळ आणि पहिली अडचण, दोन्ही त्याच बाईने मला दिल्या आहेत.

सोमवारी संध्याकाळी कॉलेजवरून मी परस्पर शेडवर गेले. शेठनी रंगाचं ऐकून घेतलं, मग उठून कोपऱ्यातून रबराची पट्टी आणली, कात्रीने कापली, खाच्याच्या आत बसवून बघितली. स्क्रूच्या टोकालाही टोपी लावली. "हे आधी कुणी सांगितलं असतं तर…" ते म्हणाले, आणि स्वतःच थांबले, कारण सांगणारं कुणी नव्हतंच. आता त्यांच्या आवाजात वाट बघणं नव्हतं. ते मलाच प्रश्न विचारायला लागले. पाइपवाल्यांसाठी मोठ्या खाच्याचा दुसरा साइज काढायचा का? आडव्या गजाला चालतो का? मी काही उत्तरं दिली, काही "बघून सांगते" म्हणाले. बघून सांगते हे मी पूर्वी कधी म्हणत नसे, मी गप्प बसत असे.

मग आम्ही लिहायला बसलो आणि भांडायलाही.

"वजन शंभर किलो लिही," शेठ म्हणाले.

"पेलेल का?"

"सगळे लिहितात."

"आपण बघूया ना, काका."

शेडच्या खिडकीला दोन तुकडे आवळले, लोखंडी पाइप ठेवला आणि मधोमध बादली टांगली. बादलीत आम्ही लोखंडाचे जड तुकडे काट्यावर मोजून टाकत गेलो. दहा किलोला काही नाही. पंधराला काही नाही. वीसच्या आसपास एक तुकडा उभ्या गजावरून सरकन खाली घसरला आणि बादली इतक्या जोरात आदळली की प्रेसवाल्याने मशीन थांबवलं. "भूकंप का काय राव?" तो ओरडला. मी दहा किलो लिहिलं. ओल्या कपड्यांना तेवढं पुरतं.

"गंजत नाही असं तरी लिही."

"पत्रा आहे, वर पावडर कोटिंग. कोटिंग कुठे खरवडलं तर गंजेल. पावडर कोटिंग आहे एवढंच लिहूया."

शेठ खुर्चीत मागे रेलले. पण खरं भांडण झालं ते पुढच्या ओळीवर. मी लिहिलं होतं : अमुक मापापर्यंतच्या चौकोनी गजाला बसतो. जाड पाइपला, रुंद पट्टीच्या जाळीला आणि गज नसलेल्या सरकत्या खिडकीला बसत नाही. घेण्याआधी गज मोजा.

"हे काढ," शेठ म्हणाले. "आपलीच वस्तू कुठे बसत नाही हे आपणच सांगायचं? दुकानदार असं करतो का?"

त्यांच्यासमोर मी लहान होते, आणि आईची नोकरी त्यांच्या हातात होती. मला ती ओळ खोडावीशी वाटत नव्हती, पण तसं म्हणायला तोंड उघडत नव्हतं. मी पेन त्या ओळीवर ठेवलं. मग म्हणाले, "काका, बसला नाही तर ते परत करतील. परतीचा खर्च आपल्यावर. आणि खाली लिहून जातील, बसत नाही म्हणून. मग ज्याला बसतो तोही घेणार नाही."

"एखाद-दुसरा करेल परत."

आई टेबलावरूनच बोलली. शिफ्ट संपली होती, ती हात पुसत होती. "शेठ, मागं तो लॉट परत आला होता कंपनीतून. आठवतंय का?"

शेठना आठवत होतं. त्यांचा चेहराच सांगत होता.

"तेव्हा तुमीच म्हणाला होता, लाल तुकडा आपल्याच टेबलावर लाल होऊ दे, त्यांच्या गेटवर नको. तीच तर ओळ लिहिलीय हिनं. दुसरं काय?"

शेठनी कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "राहू दे."

सुनेने फॉर्मचे स्क्रीनशॉट पाठवले. मी मराठीत लिहिलं, मग इंग्रजीत केलं. इंग्रजी साधंच झालं, शोभा वाढवणारं वगैरे काही त्यात आलं नाही. शीर्षकात "भोक न पाडता" अगदी पुढे घेतलं, म्हणजे मोबाईलवर तुटलं तरी ते तुटणार नाही. त्यामागे गजाचं माप आणि दोनची जोडी. काठी सोबत मिळत नाही, हेही लिहिलं, कारण चित्रात काठी दिसते आणि माणसाला वाटतं ती येणारच. दुसऱ्या साइटसाठी तेच कापून लहान केलं. कापताना सारखं वाटायचं आता हे शेवटचं, याच्यापुढे काही काढता येणार नाही. आणि मग अजून एक शब्द निघायचा. सुनेने वाचून एकच निरोप पाठवला : "पहिल्यांदा कळलं, पप्पांनी काय बनवलंय."

टाकल्यानंतर बरेच दिवस काही झालं नाही. मी रोज फोन उघडून बघायचे, आईला काही सांगायचे नाही, आई काही विचारायची नाही. मग एक ऑर्डर आली. मग काही दिवस पुन्हा शुकशुकाट. मग दोन. सगळंच सुरळीत झालं नाही. एकाने बसत नाही म्हणून परत केलंच, त्याने न मोजता घेतलं होतं. शेठनी मला ते दाखवलं, मला वाटलं आता ऐकवणार. ते म्हणाले, "बघ, चित्रात गजाशेजारी पट्टी ठेवून फोटो टाकूया. वाचत नाहीत लोक." आणि दुसऱ्या दिवशी फोटो काढला. पट्टी माझीच, सशाची.

कंपनीचं शेवटचं शेड्यूल गेलं. ज्या सोमवारी टेबल बंद व्हायचं, त्या सोमवारी चौघीही शेडवर गेल्या. शेठनी सांगितलं, पुढचे काही महिने अर्धा दिवस काम, चौघींनाही. पुढचं पुढे बघू. अर्धा दिवस म्हणजे अर्धाच, तेवढ्यावर खूश व्हावं असं ते नव्हतं. आई मात्र त्या संध्याकाळी घरी आल्यावर माझ्याशी जरा जास्तच बोलली.

सुट्टीच्या एका दिवशी मी तिच्याबरोबर गेले. टेबलाच्या कडेला आता चौकोनी गजाचा एक वीतभर तुकडा बोल्टने उभा बसवलेला होता. तोच नवा गेज. आई कडेची धार घासायची, रबर तपासायची, तुकडा त्या गजावर चढवून आवळायची, हलवून बघायची, सोडायची, जोडीला जोडी लावून खोक्यात घालायची. त्या जुन्या दुचाकीच्या तुकड्याने तिचा अर्धा संसार चालवला होता, आणि तो कुठे बसतो हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. हा कुठे बसतो ते तिला माहीत होतं. आमच्या खिडकीला तेच दोन होते, आणि माझ्या कपड्यांना आता फोडणीचा वास येत नव्हता.

मी खोक्यावर लेबल चिकटवत होते. आईने वाकून गावाचं नाव वाचायचा प्रयत्न केला. इंग्रजीत होतं.

"कुठं चाललंय हे?"

"नागपूर."

तिने खोकं माझ्या हातातून घेतलं, टेप पुन्हा एकदा अंगठ्याने दाबली आणि म्हणाली, "तिथंबी भिंतीला खिळा मारू देत नसतील."